बीबीएसमधलं वजन जुळतं, तरी बीबीएस बरोबर आहे का? सहा बीमची तपासणी

प्रश्न: आमच्या इमारतीतल्या सहा सारख्या बीमचा बीबीएस, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता, ठेकेदाराने दिला आहे. बीम २३० × ४५०, दोन्ही बाजूंना ३०० मिमीचे कॉलम, मधलं मोकळं अंतर ४ मीटर. ड्रॉइंगमध्ये खाली २ सळया २० मिमीच्या (दोन्ही टोकांना ८०० चा एल), वर २ सळया १६ मिमीच्या (६०० चा एल), शिवाय प्रत्येक टोकाला वर १ एक्स्ट्रा १६ मिमी, कॉलमपासून १ मीटर आत. रिंग ८ मिमीची, पहिली कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीवर, तिथून ९०० मिमीपर्यंत ९० मिमीवर, मध्ये १५० मिमीवर. कव्हर २५, हूक आयएस १३९२० प्रमाणे, स्टील एफई ५००.

बीबीएसमध्ये एका बीमला असं आहे: २० मिमी ६.०५ मी × २. १६ मिमी ५.६५ मी × २. एक्स्ट्रा १६ मिमी १.८२५ मी × ४; रिंग १.२२४ मी × ३७. वर ३ टक्के वेस्टेज धरून सहा बीमचे ४७७ किलो. मी वजनाचा रकाना कॅलक्युलेटरवर तपासला, सगळे गुणाकार बरोबर आहेत. मग बीबीएस बरोबर समजायचा का?

उत्तर:

नाही. गुणाकार बरोबर आहेत, पण ज्या आकड्यांचा गुणाकार केला त्यांतले बरेच चुकले आहेत. ड्रॉइंगवरून मोजलं तर या सहा बीमचं स्टील सुमारे ४२४ किलो येतं, म्हणजे ५३ किलो जास्त दाखवलेत. पण माझ्या मते त्याहून गंभीर चूक रिंगच्या ओळीत आहे. तिथे वजन जवळपास अचूक जुळतं, आणि रिंग मात्र आखूड आहे.

बीबीएसमध्ये वजन ही सगळ्यात शेवटची गोष्ट. व्यास, नग आणि कटिंग लेंथ या तीन गोष्टी ड्रॉइंगवरून स्वतः काढायच्या, ठेकेदाराचा कागद बाजूला ठेवून, आणि मगच त्याच्याशी ताडून पाहायच्या. त्याचा आकडा समोर ठेवून तपासायला बसलं की डोळा त्याच आकड्याला होकार देतो. तुमच्या बाबतीत तेच झालं आहे.

आधी प्रति मीटर वजन

हा भाग लवकर उरकतो. लोखंडाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरतात. सळईचं क्षेत्रफळ त्याने गुणलं की व्यास मिमीमध्ये असताना d²/162.2 किलो प्रति मीटर येतं. साइटवर १६२ ने भागतात, तेही चालतं. आयएस १७८६ मधली नाममात्र वजनं अशी आहेत: ८ मिमी ०.३९५, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८८, १६ मिमी १.५८, २० मिमी २.४७, २५ मिमी ३.८५ आणि ३२ मिमी ६.३१ किलो. २५ मिमीला १६२ ने भागून ३.८५८ येतात आणि आयएसमध्ये ३.८५ आहे. दहा टनांवर हा फरक साधारण २० किलोंचा होतो. म्हणून दोघांनी एकच तक्ता वापरायचा हे सुरुवातीलाच ठरवून घ्या, मग बिलाच्या वेळी वाद राहत नाही.

एक खबरदारी. काही फिटर अजून फुटात मोजतात, आणि फुटाला भागाकार ५३३ चा आहे. लांबी फुटात आणि भागाकार १६२ चा असा घोळ झाला की वजन सव्वातीन पट होतं, म्हणजे ते लगेच दिसतं. पण वीस ओळींच्या तक्त्यात एखादीच छोटी ओळ फुटात राहिली तर बेरजेत ती लपते. प्रत्येक ओळीतलं प्रति मीटर वजन वेगळ्या रकान्यात लिहायला लावा. तुमच्या बीबीएसमध्ये हे आकडे बरोबर आहेत, त्यामुळे इथे काही अडत नाही.

नग मोजायचे ते छेदावर

नगांची चूक पकडायला तक्ता वाचून फारसा उपयोग होत नाही. बीम दोन ठिकाणी कापल्यासारखा मनात आणायचा, एकदा कॉलमजवळ आणि एकदा मध्यावर, आणि तिथे किती सळया कापल्या जातील ते मोजायचं.

तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे मध्यावर वर दोन आणि खाली दोन. कॉलमजवळ खाली दोन, वर दोन सलग आणि एक एक्स्ट्रा, म्हणजे तीन. आता बीबीएस बघा. एक्स्ट्राचे चार नग, म्हणजे प्रत्येक टोकाला दोन. मग कॉलमजवळ वर चार सळया झाल्या, आणि ड्रॉइंगच्या छेदात तीन आहेत. ही चूक कशी होते ते ओळखीचं आहे: तक्त्यात आधीच 'दोन्ही टोकं मिळून २' लिहिलेलं असतं, पुढच्या माणसाने 'दोन्ही टोकांना' वाचून पुन्हा दोनने गुणलेलं असतं.

साइटवर सळया बांधल्यावरही ही चूक अडचण होऊन समोर येत नाही. रिंगची आतली रुंदी १६४ मिमी, त्यात १६ च्या चार सळया सहज मावतात आणि मधे ३३ मिमीची फट राहते. काँक्रीट अडत नाही, फिटर तक्रार करत नाही. त्यामुळे चार सळया खरोखर बांधल्या गेल्या तर त्या 'जागेवर मोजल्या' म्हणून बिलातही येतात. एका बीमला दोन जादा नग, १.८२५ मीटरचे, सहा बीमला मिळून २१.९ मीटर, म्हणजे ३४.६ किलो. तुमच्या फरकाचा मोठा वाटा इथेच आहे.

रिंगचे नग

रिंगच्या नगात बहुतेक जण अडखळतात ते पट्ट्यांच्या सांध्यावर. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीवर आणि शेवटचीही तशीच, म्हणजे रिंगांनी व्यापलेली लांबी ३९०० मिमी. डावीकडे ९०० मिमीत ९० चे दहा गाळे, म्हणून ११ रिंगा. उजवीकडेही ११. मध्ये उरले २१०० मिमी, १५० ने भागून १४ गाळे.

आता १४ गाळ्यांना १५ रिंगा हे सूत्र इथे लावायचं नाही. मधल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या रिंगा आधीच बाजूच्या पट्ट्यांत मोजल्या आहेत. म्हणून मध्ये १३. एकूण ११ + १३ + ११ = ३५. ठेकेदाराने ११ + १५ + ११ = ३७ केले, म्हणजे सांध्यावरच्या दोन रिंगा दोनदा मोजल्या.

पडताळणीची सोपी रीत अशी: सगळे गाळे एकत्र मोजायचे आणि शेवटी एकदाच एक मिळवायचा. १० + १४ + १० = ३४ गाळे, अधिक १, बरोबर ३५. पट्टे कितीही असोत, एका सलग मापाला 'अधिक एक' फक्त एकदाच. भागाकार पूर्ण न आल्यास वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे अंतर ड्रॉइंगपेक्षा वाढणार नाही.

कटिंग लेंथ: लांब सळया

आता लांबी. बीमच्या दोन्ही कॉलमसह बाहेरून बाहेर माप ४६०० मिमी. सळई कॉलमच्या बाहेरच्या तोंडापासून किती आत थांबते हे इथे ठरवावं लागतं. नुसतं ४० मिमी कव्हर वजा केलेले बीबीएस पुष्कळ दिसतात. पण बीमच्या सळईचा एल कॉलमच्या उभ्या सळईच्या आतून उतरतो. ४० कव्हर, ८ ची रिंग, २० ची उभी सळई मिळून ६८ झाले, म्हणून ७५ धरणं योग्य. ४० धरून कापलेली सळई कॉलममध्ये बसत नाही, मग फिटर ती तिरकी करून घालतो किंवा एल मुडपतो. तुमच्या ठेकेदाराने ७५ धरले आहेत, कारण ४६०० मधून १५० गेले की ४४५०, त्यात दोन ८०० चे एल मिळवले की ६०५०, आणि हाच त्याचा आकडा आहे. या भागात त्याने विचार केला आहे.

राहिली ती वाकवण्याची वजावट. ४४५० आणि ८०० ही मापं सळईच्या बाहेरच्या कडेने घेतलेली आहेत. सळई मात्र कोपऱ्यात काटकोन करत नाही, वळण घेऊन आतून जाते, म्हणून लागणारी लांबी कमी असते. आतली त्रिज्या व्यासाच्या दुप्पट असेल तर ९० अंशाच्या एका वळणाला साधारण २ डी कमी होतात. डी म्हणजे सळईचा व्यास. २० मिमीला एका वळणाचे ४० मिमी, दोन वळणांचे ८०.

६०५० − ८० = ५९७० मिमी.

वजनाच्या दृष्टीने हे ८० मिमी किरकोळ आहेत, सहा बीमला मिळून २.४ किलोही होत नाहीत. म्हणूनच पुष्कळ जण ही वजावट सोडून देतात. पण १२ मीटरची सळई कापायला घ्या. ५.९७ चे दोन तुकडे ११.९४ मीटरमध्ये निघतात, फक्त ६ सेंटिमीटर उरतात. ६.०५ चे दोन तुकडे निघतच नाहीत, एकच निघतो आणि ५.९५ चा तुकडा पडून राहतो. सहा बीमला २० मिमीचे बारा तुकडे हवेत. एका हिशेबाने सहा सळया पुरतात, दुसऱ्याने बारा लागतात. बीबीएसमधली ८० मिमीची चूक खरेदीत सहा सळयांची, म्हणजे पावणेदोनशे किलोंची होते. तो उरलेला माल दुसरीकडे वापरता येईल, पण तो वापरायला दुसरा बीम सापडला पाहिजे.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. २ डी हा आकडा आतली त्रिज्या २ डी असतानाचा आहे. बेंडरवर मोठी पिन लावली आणि आतली त्रिज्या ४ डी झाली तर वजावट जवळपास ३ डी होते. मशीनवर कोणती पिन आहे ते बघून ठरवा, आणि बारा तुकडे एकदम कापण्याआधी एक कापून, वाकवून, दोन्ही एलच्या बाहेरून टेप लावून ४४५० येतात का ते पाहा. सळई खरोखर १२ मीटर भरते का, हेही त्याच टेपने. सहा सेंटिमीटरवरच हिशेब टेकलेला असताना ते बघायलाच हवं.

याच पद्धतीने वरची सलग १६ मिमी: ४४५० + १२०० − ६४ = ५५८६ मिमी. एक्स्ट्राला एकच वळण: कॉलमच्या आत २२५, बाहेर १०००, एल ६००, एकूण १८२५, वजा ३२, म्हणजे १७९३ मिमी.

या बीममध्ये लॅप नाही, कारण एकही सळई १२ मीटरहून लांब नाही. सलग तीन-चार गाळ्यांचा बीम असेल तर लॅपची संख्याही मोजा. १५ मीटर लांबीला एक लॅप लागतो. दोन दाखवले असतील तर कारण विचारा.

रिंगची लांबी

ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी बाहेरचं माप: २३० मधून दोन्ही बाजूंचे २५ वजा करून १८०, आणि ४५० मधून ५० वजा करून ४००. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे कव्हर रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. जुन्या सवयीने मुख्य सळईपर्यंत मोजलं तर रिंग दोन्ही दिशांनी १६ मिमी मोठी होते आणि कव्हर १७ वर येतं. तुमच्याकडे १८० × ४०० बरोबर घेतले आहेत, परिघ ११६०.

ठेकेदाराचे १२२४ कसे आले ते उलट जाऊन काढता येतं: ११६० + दोन हूकांचे प्रत्येकी १० डी म्हणजे १६० − तीन काटकोनी वळणांचे प्रत्येकी २ डी म्हणजे ४८ − दोन १३५ अंशांच्या वळणांचे प्रत्येकी ३ डी म्हणजे ४८. हे सूत्र सर्रास वापरलं जातं. माझ्या मते हूकाची लांबी इतकी स्पष्ट दिलेली असताना ते वापरू नये, कारण त्यातून हूक किती राहतो हे कोणी मोजत नाही.

मोजून बघू. ८ मिमीची रिंग, आतली त्रिज्या १६ मिमी, म्हणजे सळईच्या मध्यरेषेची त्रिज्या २० आणि बाहेरची २४. काटकोनी वळणाला दोन्ही बाजूंचे मिळून ४८ वजा होतात आणि कंसाचे ३१.४ मिळतात. निव्वळ वजावट साडेसोळा मिमी, म्हणजे २ डी ठीकच आहे. १३५ अंशांच्या वळणाचा कंस मात्र ४७ मिमीचा. त्यातून बाजूचे २४ गेले तरी २३ मिमी शिल्लक राहतात, आणि त्यापुढे हूकाचा सरळ भाग. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत हा सरळ भाग ६ डी आणि किमान ६५ मिमी मागितला आहे. ८ मिमीला ६ डी म्हणजे ४८, म्हणून इथे ६५ लागू होतात. तेव्हा एका हूकाला २३ + ६५ = ८८ मिमी मिळवायचे आहेत, आणि १३५ अंशांच्या वळणासाठी वेगळी वजावट करायचीच नाही.

११६० − ५० + १७६ = १२८६, पूर्ण करून १२९० मिमी.

ठेकेदाराच्या १२२४ मध्ये काय होतं? ११६० मधून ५० गेले, १११० उरले. १२२४ पैकी हूकांना राहिले ११४, एकाला ५७, त्यातले २३ वळणात जातात, सरळ भाग राहिला ३४ मिमी. जिथे ६५ हवेत तिथे ३४. भूकंपात बाहेरचं कव्हर निखळलं की रिंग मिटलेली ठेवतो तो हा आतल्या काँक्रीटमध्ये घुसलेला सरळ भागच. तो निम्मा झाला तर हूक उघडतो, आणि कॉलमजवळ ९० मिमीवर रिंगा घालण्याचा हेतूच जातो.

आता रिंगची एकूण लांबी पाहा. ठेकेदाराची ३७ × १.२२४ = ४५.२९ मीटर. ड्रॉइंगप्रमाणे ३५ × १.२९० = ४५.१५ मीटर. दोन रिंगा जास्त आणि प्रत्येक रिंग ६६ मिमी आखूड, या दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. वजनात बीममागे जेमतेम ५० ग्रॅमचा फरक. फक्त किलो बघणाऱ्याला ही ओळ तक्त्यातली सगळ्यात अचूक ओळ वाटेल. म्हणून रिंगचे नग आणि लांबी वेगवेगळी ताडायची, गुणाकार कधीच नाही.

साइटवर तपासायचं तर एक तयार रिंग उचला आणि हूकाचं वळण संपल्यापासून टोकापर्यंत पट्टी लावा. ६५ पेक्षा कमी असेल तर पुढच्या रिंगा कापणं तिथेच थांबवा.

मग वजन

आता गुणाकार. सहा बीमसाठी २० मिमीची एकूण लांबी ५.९७ × २ × ६ = ७१.६४ मीटर. १६ मिमीची (५.५८६ × २ + १.७९३ × २) × ६ = ८८.५५ मीटर. ८ मिमीची १.२९ × ३५ × ६ = २७०.९ मीटर. प्रत्येक व्यासाची लांबी आधी एकत्र करून मग एकदाच प्रति मीटर वजनाने गुणा. ओळीओळीला गोळाबेरीज करत गेलं की मोठ्या तक्त्यात थोडा थोडा फरक साचत जातो.

| सळई | बीबीएसमध्ये (किलो) | ड्रॉइंगवरून (किलो) | फरक |
|---|---|---|---|
| २० मिमी | १७९.३२ | १७६.९५ | २.३७ |
| १६ मिमी | १७६.३३ | १३९.९१ | ३६.४२ |
| ८ मिमी | १०७.३३ | १०७.०१ | ०.३२ |
| एकूण | ४६२.९८ | ४२३.८७ | ३९.११ |

एक्सेलमध्ये करायचं असेल तर B मध्ये व्यास मिमीत, C मध्ये कटिंग लेंथ मीटरमध्ये, D मध्ये एका बीमचे नग आणि E मध्ये बीमची संख्या ठेवून:

```
=B2^2/162.2*C2*D2*E2
```

या सूत्राने २० मिमीचं वजन आयएसच्या तक्त्यापेक्षा किंचित कमी येईल, कारण तिथे २.४६६ चे २.४७ केलेले आहेत. तेवढ्यावरून चूक शोधत बसू नका.

'दर घनमीटर काँक्रीटला किती किलो स्टील' हा ठोकताळा तुम्हाला कोणीतरी सांगेल. मोकळ्या ४ मीटरमध्ये बीमचं काँक्रीट ०.४१४ घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण १७० किलो प्रति घनमीटर आणि ठेकेदाराच्या हिशेबाने १८६. बीमसाठी दोन्ही आकडे पटण्यासारखेच वाटतात. दुप्पट-तिप्पट चूक पकडायला ही पद्धत कामाची आहे, नऊ टक्क्यांची चूक तिच्यातून निसटते.

३ टक्के वेस्टेज

४६२.९८ वर ३ टक्के, म्हणजे १३.८९ किलो चढवून ४७६.८७ झाले आहेत. बीबीएसमध्ये हे बसत नाही. बीबीएस म्हणजे बीमच्या आत जाणारं स्टील. मोजमापाने बिल होत असेल तर करारातली अट वाचा. सीपीडब्ल्यूडीच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे ड्रॉइंगइतकी लांबी मोजतात, वेस्टेजचे आणि ड्रॉइंगमध्ये नसलेल्या लॅपचे पैसे देत नाहीत, आणि बांधायच्या तारेची किंमत स्टीलच्या दरातच धरलेली असते. तुमचा करार खासगी असेल आणि त्यात वेगळं लिहिलं असेल तर ते चालेल, पण मग वेस्टेजची ओळ बेरजेखाली स्वतंत्र हवी.

वेस्टेज होतंच, ते मात्र टक्केवारीने न धरता कापण्याच्या आराखड्यातून काढावं. १२ मीटरच्या सळया धरून बघा. २० मिमीच्या ६ सळया, जवळपास काही उरत नाही. १६ मिमीच्या सलग सळयांचे बारा तुकडे ६ सळयांतून, प्रत्येकी ८३ सेंटिमीटर उरतात. एक्स्ट्राचे बारा तुकडे २ सळयांतून, एका सळईत सहा. रिंगा २१०, एका सळईत नऊ, म्हणजे २४ सळया. आणायचा माल ७२ मीटर २० मिमी, ९६ मीटर १६ मिमी आणि २८८ मीटर ८ मिमी, मिळून सुमारे ४४३ किलो. बीबीएसपेक्षा साडेचार टक्के जास्त. म्हणजे या सहा बीमपुरती खरेदी केली तर ३ टक्के कमीच पडले असते. पण १६ मिमीचे उरलेले तुकडे दुसऱ्या कामात गेले तर हा आकडा उतरतो. म्हणून खरेदीची यादी वेगळी आणि बीबीएस वेगळा ठेवा.

काट्यावरचं वजन जुळत नसेल तर

बीबीएस दुरुस्त केल्यावरही वजनकाट्याची पावती तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नका. आयएस १७८६ मध्ये मालाच्या पूर्ण लॉटला नाममात्र वजनापासून १० मिमीपर्यंतच्या सळईला ७ टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे ८ मिमीची सळई मीटरला ०.३६७ किलो भरली तरी ती मानकात आहे. बीबीएसप्रमाणे रिंगांना १०७ किलो लागतात, आणि हलक्या लॉटमधून त्याच लांबीच्या रिंगा १०० किलोत होऊ शकतात. लांबी पुरली आणि किलो कमी भरले, यात तेव्हा कोणाची चोरी नसते.

शंका आली तर एका मीटरचे दोन-तीन तुकडे नीट काटकोनात कापून बारीक काट्यावर तोला आणि त्या लॉटचं प्रत्यक्ष प्रति मीटर वजन नोंदवा. ते आकडे बीबीएसमध्ये मात्र घालू नका. बीबीएस नाममात्र वजनावरच राहू द्या, आणि त्या लॉटचा फरक मालाच्या नोंदवहीत लिहा. दोन्ही एका तक्त्यात मिसळले की पुढच्या तपासणीत चूक लांबीची, नगाची की मालाच्या जाडीची, हे कोणालाच सांगता येत नाही.

ठेकेदाराला कागद परत देताना चार गोष्टी लिहून द्या: एक्स्ट्राचे नग ४ ऐवजी २, रिंगा ३७ ऐवजी ३५, रिंगची लांबी १२२४ ऐवजी १२९०, आणि लांब सळयांना वाकवण्याची वजावट. रिंगा आधीच कापून झाल्या असतील तर बाकीच्या चर्चेआधी त्यांचे हूक मोजून घ्या. कमी भरलेल्या रिंगा या बीमला वापरायच्या नाहीत हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला लेखी कळवा, कारण काँक्रीट पडल्यावर तो ३४ मिमीचा हूक कोणालाही दिसणार नाही.